सतरा तासांच्या घड्याळावरचा गुणाकार

१. एकच तर गुणाकार आहे!

संगणक एका सेकंदात अब्जावधी गुणाकार करतो, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुढचा प्रश्न साहजिकच पडतो. दहा-दहा लाख अंकी दोन संख्या त्याला दिल्या, तर त्याला वेळ का लागावा? एकच तर गुणाकार आहे!

अडचण अशी, की संगणकाच्या चिपला एका दमात जो गुणाकार येतो तो साधारण एकोणीस-वीस अंकांपर्यंतच्या संख्यांचा. त्याहून मोठी संख्या आली की तिचे तुकडे करावे लागतात, आणि मग चिपसुद्धा तेच करते जे आपण चौथीत करत होतो. वरच्या संख्येच्या प्रत्येक अंकाला खालच्या संख्येच्या प्रत्येक अंकाने गुणायचं, एकाखाली एक ओळी मांडायच्या आणि बेरीज करायची. दहा लाख अंक गुणिले दहा लाख अंक म्हणजे एक लाख कोटी छोटे गुणाकार. तुकडे मोठे घेतले तर हा आकडा उतरतो. पण संख्येची लांबी दुप्पट झाली की काम चौपट होतं, हे दुखणं तसंच राहतं.

थोर रशियन गणिती कोलमोगोरोव यांनाही वाटत होतं की याहून बरी रीत असणार नाही. १९६० साली मॉस्कोत त्यांनी हा अंदाज मांडला, आणि आठवड्याभरातच अनातोली कारात्सुबा नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चार गुणाकारांचं काम तीनात उरकण्याची युक्ती आणून दिली. कोंडी तिथे फुटली. या प्रकरणात पाहायची रीत त्याच्या पुढची आहे. तिचं नाव ‘नंबर थिअरेटिक ट्रान्सफॉर्म’, थोडक्यात एनटीटी. जे. एम. पोलार्ड यांनी १९७१ साली ती शोधनिबंधात मांडली, आणि त्याच वर्षी जर्मन गणिती शोनहागे आणि स्ट्रासेन यांनी त्याच जातीच्या कल्पनेवर मोठ्या संख्यांचा गुणाकार उभा केला. नाव बोजड आहे, पण रीत २३ × १४ एवढ्या उदाहरणात पूर्ण दिसते. तेच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ.

२. हातचा नंतर बघू

शाळेतल्या गुणाकारात दोन वेगळी कामं एकात एक गुंतलेली असतात. एक म्हणजे अंकांचे गुणाकार करून त्यांना एकक, दशक, शतक अशा ढिगांत टाकणं, आणि दुसरं म्हणजे हातचा पुढे नेणं. ती सोडवून बघू.

२३ × १४ मध्ये एककाच्या ढिगात ३ × ४ = १२ पडतात. दशकाच्या ढिगात दोन वाटांनी माल येतो, २ × ४ = ८ आणि ३ × १ = ३, मिळून ११. शतकाच्या ढिगात २ × १ = २. म्हणजे एक रुपयाची १२ नाणी, दहाच्या ११ नोटा आणि शंभराच्या २ नोटा. हे ३२२ रुपयेच आहेत, फक्त सुटे आहेत. आता दहा नाणी देऊन दहाची एक नोट घ्यायची. नाणी उरली २, दहाच्या नोटा झाल्या १२. त्यातल्या दहा देऊन शंभराची एक घ्यायची. उरलं ३-२-२.

सुट्यांचे बंदे करण्याचं हे काम स्वस्त आहे. उजवीकडून डावीकडे एकदा चालत गेलं की झालं. सगळा वेळ खातं ते ढीग तयार करणं. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की १२, ११, २ हे आकडे प्रत्येक अंकाला प्रत्येक अंकाने न गुणता मिळतील का?

३. अंकांऐवजी किमती

२३ ही संख्या ३ + २क्ष अशी लिहा आणि क्षच्या जागी १० ठेवा. तसंच १४ म्हणजे ४ + क्ष. आता क्ष म्हणजे दहाच, ही सक्ती आपण सोडून देऊ. क्ष = १ ठेवलं तर पहिलीची किंमत ५, दुसरीचीही ५, आणि गुणाकार २५. इकडे आपले ढीग बघा: १२ + ११ + २ = २५. जुळलं. ढिगांच्या राशीची क्ष = १ला जी किंमत असायला हवी, ती ढीग न करता मिळाली.

याच गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे. दोन बिंदू दिले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते. तसंच तीन ढिगांची रास तीन वेगवेगळ्या क्षवरच्या किमतींवरून, आणि हजार ढिगांची हजार किमतींवरून पक्की ठरते. म्हणून वाट अशी घ्यायची: दोन्ही संख्यांच्या पुरेशा किमती काढायच्या, किमतींना किमतींनी गुणायचं आणि त्या गुणाकारांवरून ढीग ओळखायचे. मधली पायरी फारच स्वस्त आहे, कारण पहिल्या किमतीला पहिलीने, दुसरीला दुसरीने, एवढंच करायचं असतं. प्रत्येकीला प्रत्येकीने नाही.

पण किमती काढायलाच वेळ लागला तर? दहा लाख अंकांची रास दहा लाख ठिकाणी मोजायची म्हटलं तर पुन्हा एक लाख कोटीच. इथे फायदा होतो तो क्षच्या किमती नीट निवडल्यामुळे.

४. जोडीने येणारे क्ष

क्ष = ५ आणि क्ष = –५ अशी जोडी घ्या. क्षचा वर्ग दोन्हीकडे २५च येतो. त्यामुळे राशीतली सम घातांची पदं दोन्हीकडे सारखीच, आणि विषम घातांची पदं फक्त चिन्ह बदलून येतात. दोन्ही भाग एकेकदा मोजायचे. बेरीज केली की एका क्षवरची किंमत, वजाबाकी केली की दुसऱ्यावरची. अर्धी मेहनत वाचली.

अर्धीच वाचून भागत नाही. सम पदांचा भाग हीसुद्धा एक रासच आहे, फक्त क्षऐवजी क्षच्या वर्गाची. ती मोजतानाही तीच युक्ती चालवायची असेल, तर वर्गांच्याही अधिक-उणे जोड्या पडायला हव्यात. आणि त्या वर्गांच्या वर्गांच्याही. पण ओळखीच्या संख्यांत वर्ग उणे होत नाही, तेव्हा दुसऱ्याच पायरीवर गाडी अडते.

फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे एफएफटी, इथे संमिश्र संख्यांकडे जातो. तिथे उणे एकलाही वर्गमूळ असतं, आणि वर्तुळावर समान अंतराने बसवलेले बिंदू हव्या तितक्या पायऱ्या जोड्या पुरवतात. १९६५ साली कूली आणि टकी यांनी ही पद्धत संगणकासाठी मांडली. गाउसच्या टिपणांत ती दीडशे वर्षांहून आधी होती, हे नंतर उजेडात आलं.

वर्तुळावरच्या या बिंदूंची खोड अशी, की त्यांचे सहनिर्देशक बहुतेक वेळा कधी न संपणारे दशांश असतात. आठ बिंदू घेतले की लगेच ०.७०७१०६७८... येतो. संगणक त्यातले सोळाएक अंक ठेवतो आणि उरलेले कापतो. शेवटी ढीग १२ येण्याऐवजी ११.९९९९९८ येतो आणि आपण तो १२ समजून घेतो. हे चालतं. पण संख्या लांबत गेली, तुकडे मोठे घेतले, की चूक साठत जाते. ती अर्ध्याच्या पुढे गेली की १२चे ११ होतात आणि कुठलीही घंटा वाजत नाही. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात एवढी चूक कानाला कळणारही नाही. गुणाकारात मात्र एक अंक चुकला की उत्तर चुकलं.

५. सतरा तासांचं घड्याळ

आता असं घड्याळ डोळ्यांपुढे आणा की ज्यावर ० ते १६ असे सतरा तास आहेत. १६च्या पुढे एक तास गेला की पुन्हा ०. या घड्याळावर कुठलीही संख्या म्हणजे तिला १७ने भागून उरलेली बाकी. २० म्हणजे ३, ३५ म्हणजे १. आणि १६ म्हणजे ‘शून्याच्या एक तास आधी’, अर्थात उणे एक.

या घड्याळावर ४चा वर्ग १६, म्हणजे उणे एक! ज्या उणे एकच्या वर्गमुळासाठी संमिश्र संख्यांपर्यंत जावं लागलं, ते इथे साध्या चारच्या रूपात बसलेलं आहे. दशांश नाहीत, कापाकापी नाही. ४ला पुन्हा पुन्हा ४ने गुणत गेलो तर ४, १६, १३, १ असं चार पावलांत घर येतं. हेच आपले चार क्ष: १, ४, १६, १३. त्यात १ आणि १६ ही अधिक-उणे जोडी, ४ आणि १३ ही दुसरी.

आठ बिंदू हवे असतील तर २चे घात घ्या: १, २, ४, ८, १६, १५, १३, ९. त्यांचे वर्ग केले की १, ४, १६, १३ एवढेच उरतात. त्यांचे वर्ग १ आणि १६. आणि त्यांचा वर्ग १. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. एफएफटीला जी उतरंड लागते ती नेमकी हीच.

६. २३ × १४, घड्याळावर

पहिली रास ३ + २क्ष. क्ष = १ आणि १६ या जोडीसाठी ३ + २ = ५ आणि ३ – २ = १. क्ष = ४ आणि १३साठी २ × ४ = ८ एकदाच काढायचे; ३ + ८ = ११, आणि ३ – ८ = –५, म्हणजे घड्याळावर १२. १, ४, १६, १३ या क्रमाने लिहिलं तर किमती झाल्या ५, ११, १, १२.

दुसरी रास ४ + क्ष. त्याच क्रमाने ५, ८, २० म्हणजे ३, आणि १७ म्हणजे ०.

आता किमतींना किमतींनी गुणू. ५ × ५ = २५ म्हणजे ८. ११ × ८ = ८८; त्यातून ८५ गेले, उरले ३. १ × ३ = ३. १२ × ० = ०. उत्तराच्या राशीच्या किमती आहेत ८, ३, ३, ०.

यावरून ढीग परत कसे काढायचे? चारही क्षची बेरीज करून बघा: १ + ४ + १६ + १३ = ३४, म्हणजे घड्याळावर शून्य. त्यांच्या वर्गांची आणि घनांचीही बेरीज शून्यच येते. म्हणून चारही किमती नुसत्या मिळवल्या, तर बाकीचे ढीग एकमेकांना पुसून टाकतात आणि एककाचा ढीग चार वेळा मोजला जातो. ८ + ३ + ३ + ० = १४ हे एककाच्या ढिगाच्या चौपट.

१४ला ४ने भागायचं कसं? घड्याळावर भागाकार म्हणजे उलट संख्येने गुणणं. ४ × १३ = ५२, म्हणजे १; तेव्हा ४ने भागणं आणि १३ने गुणणं एकच. १४ × १३ = १८२, त्यातून १७० वजा, उरले १२. एककाचा ढीग मिळाला.

दशकाचा ढीग हवा तर किमती मिळवण्याआधी क्षच्या घड्याळाला उलटं फिरवायचं, म्हणजे ४ऐवजी त्याच्या उलट संख्येचे, १३चे, घात लावायचे: १, १३, १६, ४. मग ८ + ३९ + ४८ + ० = ९५, म्हणजे १०; आणि १० × १३ = १३०, म्हणजे ११. शतकासाठी त्या घातांचे वर्ग १, १६, १, १६: ८ + ४८ + ३ + ० = ५९, म्हणजे ८; ८ × १३ = १०४, म्हणजे २. चौथा ढीग याच रीतीने शून्य येतो. १२, ११, २. हातचे घेतले की ३२२.

दोन अंकी संख्यांसाठी हा द्राविडी प्राणायाम आहे, यात वाद नाही. लांबी वाढू लागली की चित्र पालटतं. दहा लाख अंकी दोन संख्यांसाठी सुमारे २१ लाख बिंदू लागतात आणि उतरंड २१ पायऱ्यांची होते. प्रत्येक पायरीवर जोड्या सुमारे साडेदहा लाख, आणि दर जोडीला एक गुणाकार, एक बेरीज, एक वजाबाकी. एका फेरीला सव्वादोन कोटींच्या आत गुणाकार. दोन फेऱ्या जाताना, एक येताना, म्हणजे सगळं मिळून सात कोटींच्या आसपास. शाळेच्या रीतीने ते एक लाख कोटी होते.

७. घड्याळ कुठे फसवतं

आता त्याच घड्याळावर ३८ × ४७ करा. खरे ढीग ५६, ५३, १२. पण घड्याळावर १६च्या पुढे काही दिसतच नाही, तेव्हा ते दाखवणार ५, २, १२. हातचे घेऊन उत्तर १२२५. खरं उत्तर १७८६. पायऱ्यांत कुठेही चूक नाही, तरी उत्तर साफ चुकलेलं. घड्याळ सर्वांत मोठ्या संभाव्य ढिगापेक्षा मोठं असायलाच हवं.

आजोबांच्या पिढीतली नऊचा ताळा घेण्याची सवय इथे कामी येते. ३८चे अंक मिळवून ११, म्हणजे २, ४७चेही २, गुणाकार ४. १२२५चे अंक मिळवले तर १०, म्हणजे १. जुळत नाही. १७८६चे २२, म्हणजे ४. जुळलं.

दुसरी फसगत अधिक लबाड आहे. १११ × १११ करायचे आहेत. खरे ढीग पाच: १, २, ३, २, १. पण आपण बिंदू चारच घेतले. चार पावलांत घड्याळ घरी येत असल्यामुळे पाचवा ढीग जाऊन एककाच्या ढिगावर बसतो आणि हाती येतं २, २, ३, २, म्हणजे २३२२. खरं उत्तर १२३२१.

नऊचा ताळा घ्या: १२३२१चा ९, २३२२चाही ९. जुळला! हा योगायोग नाही. दोन्ही उत्तरांतला फरक ९९९९ आहे. दहा हजारांच्या जागेवरचा एक उचलून एककात टाकला, की संख्या नेमकी तेवढ्याने घटते, आणि ९९९९ला नऊने भाग जातो. अकराचा ताळाही इथे आंधळाच, कारण ९९९९ला अकरानेही भाग जातो. सातचा घेतला तर चोरी पकडली जाते. १११ला ७ने भागून बाकी ६, सहाच्या वर्गाची बाकी १. १२३२१ची बाकी १, पण २३२२ची ५. म्हणून असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ताळ्यासाठी भाजक निवडताना आपल्या बिंदूंच्या संख्येकडे बघावं. दोन्ही संख्यांच्या अंकसंख्यांच्या बेरजेपेक्षा बिंदू कमी नसले, की ही फसगत मुळातच टळते. रिकाम्या जागी शून्यं भरायची.

८. खरीखुरी घड्याळं

प्रत्यक्षात सतरा तासांनी भागत नाही. घड्याळाच्या तासांची संख्या मूळ हवी, म्हणजे शून्य सोडून प्रत्येकाला उलट संख्या मिळते. शिवाय तीतून एक वजा केला की जे उरतं, त्याला २ने पुष्कळ वेळा भाग जायला हवा, कारण आठाचे चार, चाराचे दोन ही उतरंड तेवढीच खोल जाते. १७ – १ = १६, म्हणजे चार पायऱ्या. या क्षेत्रात वावरणाऱ्यांना तोंडपाठ असलेली संख्या ९९८२४४३५३ ही आहे. ती मूळ आहे, आणि तिच्यातून एक वजा केला की ११९ गुणिले २चा तेविसावा घात. म्हणजे तेवीस पायऱ्या, त्र्याऐंशी लाखांहून जास्त बिंदू.

घड्याळ जवळजवळ शंभर कोटी तासांचं, तरी ते पुरतं असं समजू नका. एकेका अंकाऐवजी तीन-तीन अंकांचे तुकडे घेतले, तर एका गुणाकाराची कमाल किंमत ९९९ × ९९९ = ९,९८,००१. एका ढिगात असे हजार गुणाकार मावतात, त्याच्या पुढे नाहीत. म्हणजे तीन हजार अंकी संख्येपर्यंतच खात्री. चार अंकी तुकडे घेतले तर नऊच गुणाकारांत घड्याळ भरतं.

यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन-तीन घड्याळं वापरायची. ३८ × ४७चंच बघा. सतराच्या घड्याळाने ५ दाखवले. तेराच्या घड्याळावरही चार बिंदू मिळतात, कारण तिथे ५चा वर्ग २५ म्हणजे उणे एक. त्यावर तोच गुणाकार केला की एककाचा ढीग ४ दिसतो. आता १७ने भागून ५ आणि १३ने भागून ४ उरणारी संख्या शोधा: ५, २२, ३९, ५६... ५६ला १३ने भागून ४ उरतात. सापडली. दोन घड्याळं मिळून १७ × १३ = २२१ तासांचं एक मोठं घड्याळ तयार झालं, आणि दोन अंकी संख्यांचा कुठलाही ढीग १६२च्या पुढे जात नाही. दोन बाक्यांवरून मूळ संख्या काढण्याच्या या जातीचं गणित आर्यभटाने इसवी सन ४९९च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’मध्ये आहे, आपल्या परंपरेत त्याला कुट्टक म्हणतात. आजचे प्रोग्रॅम १६७७७२१६१, ४६९७६२०४९ आणि ९९८२४४३५३ अशी तीन घड्याळं एकत्र चालवतात, तेव्हा काम तिप्पट होतं आणि जागा भरपूर मिळते.

घड्याळ वापरण्याचीही किंमत मोजावी लागते. दर गुणाकारानंतर भागून बाकी काढणं चिपला जड जातं. पीटर माँटगोमेरी यांनी १९८५मध्ये दिलेल्या युक्तीने प्रत्यक्ष भागाकार टळतो, तरी दशांशांवर चालणारा एफएफटी अनेक यंत्रांवर वेगात पुढेच राहतो. अचूकता हवी तर एनटीटी. आणि चूक मोजून ती अर्ध्याच्या पुष्कळ खाली ठेवता येत असेल, तर दशांश बेलाशक वापरावेत, असं माझं मत आहे.

ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या शोधणारे दुसरीच वाट घेतात. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली ती संख्या म्हणजे २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा एक; ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. तिची परीक्षा घ्यायची तर एका प्रचंड संख्येचा वर्ग करायचा, त्याला परीक्षेतल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, तिचा पुन्हा वर्ग करायचा, असं कोट्यवधी वेळा. त्यांचे प्रोग्रॅम बहुधा दशांशांवरच चालतात, चुकीवर सतत नजर ठेवून. पण ते शून्यं भरत बसत नाहीत. चार बिंदूंवर पाचवा ढीग एककात पडला तेव्हा आपल्याला १२३२१ऐवजी २३२२ मिळाले होते, आणि २३२२ म्हणजे १२३२१ला ९९९९ने, अर्थात दहाचा चौथा घात वजा एकने, भागून उरलेली बाकी. दहाच्या जागी दोन ठेवा. आपल्याला जी फसगत वाटली, तीच त्यांना प्रत्येक वर्गानंतरचा भागाकार फुकटात करून देते.